‘चांगली संधी मिळाली’ या उत्तराच्या मागे

नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा दिवस बहुतेक ठिकाणी सारखाच जातो. लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करायचं, ‘नो ड्यूज’च्या कागदावर सह्या गोळा करायच्या आणि त्याच गडबडीत एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म भरायचा. ‘सोडण्याचं कारण’ या रकान्यात तो लिहितो, ‘चांगली संधी मिळाली’. फॉर्म फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. एव्हरेट स्पेन आणि बोरिस ग्रॉइसबर्ग या अभ्यासकांनी २०१६ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त या पद्धतीची पाहणी मांडली होती. एक्झिट इंटरव्ह्यूमधून कळलेल्या गोष्टीवर कंपनीने नेमकं काय केलं, याचं एक उदाहरण द्या, असं विचारल्यावर एक तृतीयांशापेक्षा कमी अधिकाऱ्यांना ते देता आलं.

‘चांगली संधी’ हे उत्तर खोटं नसतं. नवी कंपनी का निवडली, ते त्यातून कळतं. मुळात बाहेर बघावंसं का वाटलं, ते मात्र कळत नाही. कामात नीट रमलेला माणूस भरतीवाल्यांचे फोन घेत नाही. तो फोन घ्यायला लागतो, तेव्हा आधी काहीतरी बिनसलेलं असतं, आणि त्यानंतर राजीनाम्यापर्यंत कित्येकदा काही महिने गेलेले असतात. म्हणून मुलाखतीतला सगळ्यात उपयोगी प्रश्न तारखेचा असतो: ‘बाहेर बघायचा विचार पहिल्यांदा कधी आला? त्या सुमारास इथे काय चाललं होतं?’ त्यापाठोपाठ विचारावं, ‘तेव्हा हे कोणाच्या कानावर घातलं होतं? काय उत्तर मिळालं?’ आणि शेवटी, ‘पगार तोच राहिला असता, पण यातली एक गोष्ट बदलली असती, तर थांबला असतात का?’

हे प्रश्न कोण विचारतं, यावर उत्तरं अवलंबून असतात. थेट वरिष्ठाने विचारले तर खरं बाहेर येणं कठीण, कारण रिलीव्हिंग लेटर, शेवटचा हिशेब आणि पुढच्या कंपनीकडून होणारी चौकशी, हे सगळं अजून त्याच्या हातात असतं. वरिष्ठाच्या वरचा अधिकारी किंवा एचआरमधला त्या विभागाशी संबंध नसलेला माणूस बरा. वेळ नोटीस पीरियडच्या मध्यावरची घ्यावी. राजीनाम्याच्या दिवशी राग ताजा असतो आणि शेवटच्या दिवशी मन केव्हाच निघून गेलेलं असतं. मुलाखत घेणाऱ्याने कंपनीची बाजू मांडायला लागू नये. एकदा ‘पण त्याचं असं आहे’ म्हटलं, की समोरचा मिटतो. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत आणि गुप्ततेची मर्यादा सुरुवातीलाच सांगावी: तुमचं नाव आणि तुमची वाक्यं वरिष्ठापर्यंत जाणार नाहीत, मात्र लैंगिक छळ, आर्थिक गैरव्यवहार किंवा सुरक्षेचा धोका कळला तर तो योग्य ठिकाणी कळवावाच लागेल.

आता उत्तरांचं काय करायचं, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात १८ इंजिनिअर आहेत. वर्षभरात त्यातले सात गेले. सातही जणांना बाहेर जास्त पगार मिळाला आणि सगळ्यांच्या फॉर्मवर तेच लिहिलेलं आहे. शोध सुरू केल्याचे महिने एकाखाली एक लिहिले, तेव्हा चित्र बदललं. चौघांनी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बाहेर बघायला सुरुवात केली होती. त्या काळात ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं, सोमवारपासूनचा शिफ्ट चार्ट शनिवारी संध्याकाळी लागत होता आणि सुट्ट्या रद्द होत होत्या. दोघं ट्रेनी होते. वर्ष पूर्ण होऊनही कन्फर्मेशनचं पत्र हातात पडलं नव्हतं, विचारल्यावर ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर मिळत होतं. सातव्याला आईवडिलांच्या आजारपणामुळे नाशिकला जायचं होतं. त्याबाबतीत कंपनीला करण्यासारखं काही नव्हतं, आणि तशी स्पष्ट नोंद करून तो विषय बाजूला ठेवायला हवा.

इथे बहुतेक कंपन्या घाई करतात. मुलाखतीतली वाक्यं मॅनेजरला वाचून दाखवतात. सात जणांत कोण काय बोललं, हे त्याला क्षणात ओळखू येतं. तो चिडतो, सफाई देतो आणि पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. म्हणून मुलाखतीला सुगावा मानावं आणि पुरावा कारखान्यातल्या नोंदींत शोधावा. शिफ्ट चार्ट विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किती दिवस आधी पडला? रद्द झालेल्या सुट्ट्यांपैकी किती कॉम्प ऑफ अजून दिलेले नाहीत? किती जणांच्या कन्फर्मेशनची तारीख उलटून गेली आहे? समजा, ऑडिटच्या तीन महिन्यांत चार्ट सरासरी दोन दिवस आधी लागला आणि २३ कॉम्प ऑफ थकले, असं निघालं. हे आकडे मॅनेजरसमोर ठेवले की कोणाचं नाव घ्यावं लागत नाही आणि आकड्यांशी वादही घालता येत नाही.

उपाय मॅनेजरच्या हातात असलेल्या गोष्टींचे असावेत, मोजके असावेत, आणि प्रत्येकापुढे एक नाव व एक तारीख असावी. ‘टीमशी संवाद वाढवावा’ हा उपाय नव्हे. तो झाला की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. या विभागासाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत. शिफ्ट चार्ट दहा दिवस आधी लागेल आणि त्यानंतर बदल करायचा तर मॅनेजर स्वतः त्या इंजिनिअरला फोन करेल. रद्द झालेल्या सुट्टीचा कॉम्प ऑफ ३० दिवसांच्या आत मिळेल. दुसरी गोष्ट, येत्या ६० दिवसांत कोणाचं कन्फर्मेशन आहे, याची यादी एचआर दर महिन्याच्या १ तारखेला मॅनेजरकडे पाठवेल. पत्राला उशीर होणारच असेल, तर कारण आणि नवी तारीख त्या ट्रेनीला आधी कळेल. आणि पगार? शेवटच्या प्रश्नाला ‘तरीही गेलो असतो’ असं उत्तर एकाच ग्रेडमधून वारंवार येत असेल, तर बाजारातल्या पगारांशी तुलना करून तो विषय वर न्यावा लागतो. तो मॅनेजरच्या आवाक्यातला नाही आणि त्याच्यावर ढकलूही नये.

यश मोजताना राजीनाम्यांच्या आकड्यावर लगेच भिस्त ठेवू नये. १८ जणांच्या विभागात पुढच्या वर्षी सातऐवजी पाच गेले, तर ते उपायांमुळे की योगायोगाने, हे ठरवता येत नाही. त्यापेक्षा दर महिन्याला उशिरा बदललेल्या शिफ्ट, थकलेले कॉम्प ऑफ आणि तारीख उलटलेली कन्फर्मेशन मोजावीत. सोबत, आज कामावर असलेल्यांना वर्षातून दोनदा विचारावं: ‘गेल्या सहा महिन्यांत बाहेर बघावंसं कधी वाटलं का? कशामुळे?’ काय बदललं आणि का, हेही त्यांना सांगावं. आपण बोललो तर काही हलतं, हे दिसल्याशिवाय ते खरं उत्तर देणार नाहीत.

सहा महिन्यांनी पुन्हा कोणी राजीनामा दिला आणि मुलाखतीत शिफ्ट चार्टचंच नाव निघालं, तर आधी नोंदी उघडाव्यात. दहा दिवसांचा नियम पाळलाच गेला नसेल, तर तो कोणी आणि का मोडला ते शोधायचं. पाळला गेला असेल आणि तरीही तक्रार येत असेल, तर आपण निदानच चुकीचं केलं होतं. मग पुन्हा तारखांपासून सुरुवात करायची.