वाक्य वाचून काढलेली अक्षरं

आमच्या दैनिकाच्या कला विभागात शीर्षकं काढणारे चित्रकार काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हा निरोपाचं भाषण माझ्या वाट्याला आलं. कचेरीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी शीर्षक हातानं काढतात हे नुसतं ऐकलं होतं, काढताना कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून गौरवाची विशेषणं बाजूला ठेवली आणि मास्तर नेमकं काय करत, एवढंच सांगायचं ठरवलं. त्या भाषणाचा हा मजकूर.

मास्तर आणि मित्रहो,

आधी एक गैरसमज दूर करतो. पेपरातली सगळी शीर्षकं हातानं काढत, असं कधीच नव्हतं. रोजच्या बातम्यांचे मथळे खिळ्यांचेच असत. कंपोझिटर केसमधून 24, 36 किंवा 48 पॉइंटांचे खिळे उचलून जुळवायचा. रात्री अकरा वाजता बातमी फिरली, तर दोन शब्द काढून दुसरे दोन बसवले की काम झालं. मास्तरांचं काम निराळं. रविवारची पुरवणी, लेखमाला, विशेषांक, दिवाळी अंक, आणि एखादे दिवशी केसमधला सगळ्यात मोठा खिळाही लहान वाटावा एवढी मोठी घटना घडली, तर पहिलं पान. अशा शीर्षकाला आपण ‘जुळवलेलं’ म्हणत नव्हतो, ‘काढलेलं’ म्हणत होतो.

ते कसं काढायचे? संपादकांकडून चिठ्ठी यायची: शीर्षक, किती कॉलम, किती उंची. मास्तर चिठ्ठी घ्यायचे आणि लेख मागायचे. लेख तयार नसेल तर निदान विषय तोंडी सांगावा लागे. मग पेन्सिलीनं कच्चं रेखाटन. ते पटलं की गुळगुळीत पांढऱ्या कार्डावर छापायच्या आकाराच्या दीडपट पक्कं काम व्हायचं. कधी कट निबेनं, कधी बाह्यरेषा काढून आत ब्रशनं काळी शाई भरून. कड जरा सुटली, तर त्यावर पांढरा पोस्टर कलर लावून ती बाहेरून ‘कापायची’. दीडपट काढण्यामागे कारण होतं. कॅमेऱ्यानं आकार लहान केला की हाताची बारीक थरथरही लहान होते आणि कड धारदार दिसते.

ब्लॉकच्या काळात ते कार्ड पुढे प्रोसेस कॅमेऱ्यासमोर जाई. त्याची निगेटिव्ह निघे, ती प्रकाशाला संवेदनशील लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर उतरे आणि पत्रा ॲसिडमध्ये खोदला जाई. अक्षर तेवढं उंच राही, बाकीचं खाली जाई. तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला, म्हणजे सुमारे 23 मिलिमीटरला आणला, की मास्तरांचं शीर्षक खिळ्यांच्या रांगेत उभं राही. ऑफसेट आल्यावर ब्लॉक गेला. शीर्षकाचा ब्रोमाइड काढून तो पानावर चिकटवायला लागलो. पण कार्डावरचं काम होतं तसंच राहिलं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा शीर्षक आहे ‘कृष्णाकाठची कुस्ती’. जागा चार कॉलम, म्हणजे साधारण साडेसोळा सेंटीमीटर रुंद आणि पाच सेंटीमीटर उंच. ओळी दोन. पहिल्या ओळीत पाच अक्षरं, दुसरीत दोनच.

देवनागरीची अडचण अशी, की अक्षर एका पट्टीत मावत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि ऋकार. खिळा असो की फॉन्ट, दोन ओळींमध्ये जागा ठेवताना त्याला सगळ्यात वाईट शक्यता धरावी लागते: वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी नेमके एकाखाली एक आले तर? म्हणून तो सगळीकडे सारखं अंतर सोडतो. आपल्या शीर्षकात पहिल्या ओळीत शिरोरेषेपासून अक्षराच्या तळाच्याही खाली जाणारं चिन्ह एकच, ‘कृ’चा ऋकार. दुसऱ्या ओळीत वर जाणारंही एकच, ‘स्ती’ची वेलांटी. या दोघांसाठी अख्ख्या रुंदीभर कोरी पट्टी सुटते, आणि पाच सेंटीमीटरांत ती पट्टी बसवायची म्हणून अक्षरं लहान करावी लागतात.

मास्तर काय करतील? दुसरी ओळ ते उजवीकडे सरकवतील. ‘कु’ची सुरुवात ‘ष्णा’च्या खाली, म्हणजे ‘कृ’चा ऋकार त्याच्या डाव्या बाजूला मोकळा लोंबेल. ‘कुस्ती’ची अक्षरं मोठी काढतील, इतकी की ‘ती’ पहिल्या ओळीच्या उजव्या टोकाबाहेर जाईल. मग तिची वेलांटी ‘ची’च्या शेजारून निर्धास्त वर चढेल. मधल्या भागात आता एकमेकांना अडणारं काहीच उरलं नाही. म्हणून दोन्ही ओळी जवळजवळ चिकटवता येतात. कोऱ्या पट्टीची उंची अक्षरांना मिळते. तेवढ्याच जागेत शीर्षक मोठं दिसतं, आणि दोन ओळी मिळून एकच आकार होतो.

हे सगळं झालं जागेचं गणित. त्याच्या जोडीला कागदाचा स्वभाव. वृत्तपत्राचा कागद शाई पितो आणि शाई पसरते. ‘ष’मधली किंवा ‘क’मधली मोकळी जागा, जिला आपण अक्षराचं पोट म्हणतो, ती छपाईत भरून येते. कार्डावर सुंदर दिसणारं जाड अक्षर सकाळी पेपरात काळा गोळा होऊ शकतं. म्हणून मास्तर पोटं डोळ्यांना खटकतील इतकी मोठी ठेवत. नवख्याला ती चूक वाटे, दुसऱ्या दिवशीचा अंक हाती आला की कळे.

आणि मग लेख वाचण्याचा मुद्दा. तो कुस्तीचा लेख तालमी ओस पडत चालल्याबद्दल असेल, तर अक्षरं भरदार हवीत, पण त्यांना दंड-बैठका काढायला लावायच्या नाहीत. ही शिस्त सगळ्यांनाच पाळता आली असं नाही. खुनाच्या कथेवर रक्ताचे ओघळ, थंडीवर बर्फाचे थर, भुताच्या गोष्टीवर थरथरती अक्षरं, हेही आपण भरपूर छापलं. हातानं काढलेलं म्हणजे चांगलंच, असं म्हणणं मास्तरांनाच आवडणार नाही. कमल शेडगे यांनी नाटकांची आणि पुरवण्यांची शीर्षकं काढून मराठी वाचकांच्या डोळ्यांना जी सवय लावली, ती आशय अक्षराच्या वळणात आणण्याची होती. अक्षरावर चित्र चिकटवणं त्याहून सोपं, म्हणून तेच जास्त झालं.

मग संगणक आला. तो का जिंकला हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मास्तरांच्या एका शीर्षकाला अर्धा दिवस लागे. संपादकांनी शेवटच्या क्षणी एक शब्द बदलला, तर नवं कार्ड. फॉन्टला तेवढ्याला अर्धं मिनिट पुरतं. पुरवण्या वाढल्या, पानं वाढली, आवृत्त्या वाढल्या. एवढी शीर्षकं एका हातानं निघणं शक्यच नव्हतं.

सुरुवातीचे फॉन्ट मात्र बेताचेच होते. एका फॉन्टमध्ये 256 पेक्षा जास्त आकारांना जागा नव्हती, आणि त्यातल्याही काही जागा वापरता येत नसत. देवनागरीची जोडाक्षरं त्यात कशी मावणार? पहिल्या वेलांटीचे दोन-तीन आकार ठेवून भागवायचे. त्यामुळे ‘कि’ ठीक दिसे, पण ‘क्ति’सारख्या रुंद जोडाक्षरावर वेलांटीची कमान शेवटच्या कान्यापर्यंत पोहोचतच नसे, मध्येच हवेत संपे. जुने अंक काढून पाहा, हमखास सापडेल. पुढे ओपनटाइप आलं, शेकडो आकार ठेवता यायला लागले, आणि आता चांगल्या फॉन्टमध्ये पुढच्या अक्षराची रुंदी पाहून योग्य कमान आपोआप येते.

आणि ते आकार तरी कुणी काढले? विंडोजबरोबर घरोघर पोहोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. ते मुळात सुलेखनकार. म्हणजे हात गेला नाही, त्याची जागा बदलली. फरक इतकाच, की फॉन्ट काढणारा माणूस वाक्य यायच्या आधी अक्षर काढतो. त्याच्या ‘कृ’च्या खाली काय येणार, हे त्याला ठाऊक नसतं. मास्तर वाक्य वाचून अक्षर काढत. त्यांचा ‘कृ’ त्या एका शीर्षकासाठीच होता, दुसऱ्या कुठे चालला नसता.

हे लक्षात घेतलं, की पानं लावणाऱ्या तरुण मित्रांनो, तुमच्याकडे काय उरतं ते कळेल. वाक्य आता तुमच्यासमोर आहे, फॉन्टवाल्यासमोर नव्हतं. शीर्षक कॉलममध्ये बसत नाही म्हणून तुम्ही त्याची रुंदी 80 टक्क्यांवर आणता. तेव्हा उभा काना बारीक होतो, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते, आणि ओळ डोक्यावर ओझं घेतल्यासारखी दिसते. काना आणि शिरोरेषा यांची जाडी नुसती शेजारी ठेवून पाहिली तरी ही दाबादाबी ओळखता येते. त्यापेक्षा अरुंद म्हणूनच काढलेला फॉन्ट घ्या, नाहीतर उपसंपादकाकडे जाऊन एक शब्द कमी करून मागा. दोन ओळींतलं अंतर यंत्रानं दिलं तसं ठेवू नका. वर-खाली जाणारी चिन्हं कुठे आहेत ते बघा, ओळ सरकवून बघा. मास्तरांनी ‘कुस्ती’ उजवीकडे नेली, ते माउसनंही करता येतं. आणि त्याआधी लेख वाचा.

मास्तर, शेवटी तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या कपाटात इतक्या वर्षांची कार्डं आहेत. पांढऱ्या रंगाची पुटं चढलेली, कडेला पेन्सिलीनं मापं लिहिलेली. ती आम्हाला द्या. पण देण्याआधी काही दुपारी इथे येऊन बसा आणि प्रत्येकाच्या मागे लिहून द्या: लेख कशावर होता, किती कॉलमांची जागा होती, आधी काय काढलं होतं आणि ते का टाकून दिलं. नुसतं अक्षर पाहून शिकणारा त्याची नक्कल करील. कुठल्या अडचणीतून ते तसं झालं हे कळलं, तर त्याला स्वतःची अडचण सोडवता येईल. टेबल तुमचंच आहे, ते आम्ही हलवलेलं नाही. सोमवारपासून या.