सही करण्याआधीचा हिशेब

जिल्हा न्यायालयात पाऊल टाकलं की आधी भेटतात ते टंकलेखक, स्टॅम्प विक्रेते आणि ‘काय काम आहे?’ म्हणून चौकशी करणारी काळ्या कोटातली माणसं. ज्या खोलीत वकील फुकट मिळतो ती बहुतेक ठिकाणी आणखी आत असते. दारावर ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’ अशी पाटी असते, आत एक टेबल, अर्जांचा गठ्ठा आणि मदतीला विधी स्वयंसेवक. ज्याला या खोलीची गरज असते, तो तिथे पोचण्याआधीच बाहेर कुणालातरी हजार-दोन हजार देऊन बसलेला असतो.

या खोलीचा कायदा 1987 चा आहे. तो अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. गरिबाला मोफत कायदेशीर मदत मिळावी हे त्याआधी, 1976 च्या घटनादुरुस्तीने, राज्यघटनेच्या 39-अ कलमात आलं होतं. वकील कुणाला मिळतो, याचं उत्तर कायद्याच्या 12 व्या कलमात आहे. स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले आरोपी, पूर-भूकंपासारख्या आपत्तीतले किंवा जातीय अत्याचाराचे बळी यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला 3 लाख रुपये. म्हणजे नवऱ्याचा पगार कितीही असो, बाई एकटी आली तरी तिला वकील मिळतो. हे अनेकींना ठाऊक नसतं, आणि तहसीलदाराचा दाखला आणायला म्हणून त्या परत जातात. उत्पन्नाबाबत कायदा साधारणपणे प्रतिज्ञापत्रावर भागवतो.

पुढची वाट एका उदाहरणावरून पाहू. आकडे समजायला सोपे घेतलेत, पण हिशेबाची रीत न्यायालयात चालते तीच आहे. चौतीस वर्षांचा एक गवंडी मोटारसायकलवरून कामावर जाताना टेम्पोच्या धडकेत गेला. मागे बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. टेम्पोचा विमा आहे. बायकोकडे नवऱ्याच्या कमाईचा एकही कागद नाही, कारण मजुरी रोख मिळायची.

तिचा अर्ज साधा असतो. नाव, पत्ता, काय घडलं, कशासाठी वकील हवा, एवढंच त्यात लिहायचं. लिहिता येत नसेल तर स्वयंसेवक लिहून देतो. सोबत आधारकार्ड, एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि पोलिसांकडून मिळालेले गाडीच्या विम्याचे तपशील. यातलं काही नसेल तरी अर्ज घेतला जातो. नकला काढायचं काम वकिलाचं. घाई वेगळ्याच कारणासाठी असते. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हावा लागतो. दिवस-कार्य उरकेपर्यंत आणि पोलिसांकडून कागद निघेपर्यंत त्यातले तीन महिने सहज जातात.

अर्ज मंजूर झाला की पॅनलवरच्या वकिलाच्या नावे नेमणुकीचं पत्र निघतं. त्याची फी, कोर्ट फी, टायपिंग, प्रमाणित नकला हा सगळा खर्च प्राधिकरणाचा. वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नाहीत. ‘चहापाण्याला’ म्हणूनही नाही. मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करता येते. सचिव स्वतः न्यायाधीश असतात, आणि त्यांना वकील बदलून देता येतो.

तक्रारीची वेळ येते ती बहुधा दुसऱ्याच कारणाने. पॅनलच्या वकिलाला मिळणारं मानधन तुटपुंजं असतं, आणि हातातल्या खासगी कामापुढे हे काम मागे पडतं. तारखेला वकील नाही, मग पुढची तारीख, असं दोन-तीनदा झालं की पक्षकाराला वाटतं, फुकटचं आहे तर असंच चालायचं. ते खरं आहे का हे तपासता येतं. दावा दाखल झाला की त्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या मोबाइल अॅपमध्ये टाकला की मागच्या प्रत्येक तारखेला काय झालं आणि पुढची तारीख कधी, हे शेजारचा कॉलेजातला मुलगाही वाचून दाखवू शकतो. पहिल्याच भेटीत हा क्रमांक कागदावर लिहून घेतलेला बरा.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल होतो, विमा कंपनी उत्तर देते, आणि एक दिवस वकील सांगतो, ‘ताई, आपलं प्रकरण लोकअदालतीत ठेवलंय.’

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते, बहुतेकदा शनिवारी. त्या दिवशी कोर्टाचा चेहराच बदलतो. न्यायाधीश व्यासपीठावरून उतरून टेबलाशी बसतात, शेजारी एक वकील आणि एक सामाजिक कार्यकर्ता. यालाच पॅनल म्हणतात. एका टेबलावर बँकांची कर्जं, दुसऱ्यावर धनादेश न वटल्याची प्रकरणं, तिसऱ्यावर मोटार अपघात. अपघातांच्या टेबलाशी विमा कंपनीचा अधिकारी प्रकरणांची यादी आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला असतो. कोणत्या प्रकरणात कुठपर्यंत जायचं, याची मंजुरी त्याने वरच्या कार्यालयातून आधीच आणलेली असते.

गवंड्याच्या बायकोला तो म्हणतो, ‘सगळं मिळून चौदा लाख, एकरकमी. आजच मिटवू.’

चौदा लाख तिने आयुष्यात एकत्र पाहिलेले नाहीत. पॅनलवरचे न्यायाधीश समजुतीने विचारतात, ‘काय म्हणता?’ टेबल सरकारी, माणसं न्यायाधीश, म्हणून हा निकालच आहे असं तिला वाटतं. तसं नाही. लोकअदालतीला निकाल द्यायचा अधिकारच नाही. पंजाब सरकार विरुद्ध जालौर सिंग या 2008 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: दोन्ही बाजूंनी मान्य केलेली तडजोड नोंदवणं एवढंच लोकअदालतीचं काम. बाईने ‘नको’ म्हटलं तर फाइल जिथून आली तिथे परत जाते आणि दावा पुढे चालतो. नकाराची शिक्षा नाही.

मात्र ‘हो’ म्हटल्यावर परतीची वाट जवळजवळ बंद होते. 1987 च्या त्याच कायद्याच्या 21 व्या कलमानुसार लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील होत नाही. फसवणूक झाली असं म्हणायचं तर थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. म्हणून फुकटच्या वकिलाची खरी किंमत या टेबलाशी, सही करण्याआधीच्या दहा मिनिटांत कळते.

त्या दहा मिनिटांत चांगला वकील वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडतो. भरपाई कशी मोजायची हे सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या दोन निकालांत ठरवून दिलंय. गवंड्याची महिन्याची कमाई 12 हजार धरली, तर वर्षाची 1,44,000. तो चाळिशीच्या आत होता आणि स्वतःच्या हिमतीवर कमवत होता, म्हणून पुढे कमाई वाढली असती यासाठी त्यात 40 टक्के मिळवायचे: 2,01,600. अवलंबून असलेले चार जण, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश धरून वजा करायचा: उरले 1,51,200. 31 ते 35 वयासाठी गुणक 16 आहे. गुणाकार येतो 24,19,200. त्यावर अंत्यसंस्कार, मालमत्तेचं नुकसान आणि बायको, मुलं, आई यांना आधार गमावल्याबद्दल मिळून दोन लाखांच्या वर. एकूण सव्वीस लाखांच्या पुढे, शिवाय दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज.

मग चौदा लाख कुठून आले? वकील अधिकाऱ्याला तेच विचारतो, आणि उत्तर त्याच्या यादीतच असतं. कंपनीने कमाई महिन्याला 8 हजार धरलीय आणि भविष्यातली वाढ धरलेलीच नाही. शहाण्णव हजारांतून चौथा हिस्सा वजा करून सोळाने गुणलं की 11,52,000 होतात. वरची रक्कम मिळवून आकडा चौदा लाखांच्या अलीकडे थांबतो, आणि व्याजाचं नाव नाही. चाळीस टक्के न धरणं हे प्रणय सेठी निकालाच्या सरळ विरुद्ध आहे. तिथे अधिकाऱ्याला मागे हटावं लागतं. कमाईचा मुद्दा मात्र खरा वादाचा आहे, कारण कागद नाही. इथे कामी येतं ते बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं नोंदणी कार्ड, ठेकेदाराची साक्ष, किंवा काहीच नसेल तर त्या वर्षीचा सरकारी किमान वेतनाचा दर. यातलं काय हाताशी आहे हे वकिलाने लोकअदालतीच्या आधी पाहिलेलं असलं पाहिजे. टेबलाशी पहिल्यांदाच फाइल उघडणारा वकील इथेच उघडा पडतो.

समजा घासाघीस होत कंपनी 23 लाखांवर आली. घ्यावेत की नाहीत? दावा चालवला तर कदाचित व्याजासह तीस लाखांच्या घरात मिळतील. पण आणखी दोन-तीन वर्षं लागतील, कमाई 12 हजार होती हे सिद्ध करावं लागेल, हेल्मेट नव्हतं म्हणून मृताचीही चूक होती असा वाद येईल, आणि निकालावर कंपनी उच्च न्यायालयात अपील करू शकेल. लोकअदालतीत मात्र अपिलाची वाट तिच्याइतकीच कंपनीलाही बंद. मुलांची फी या जूनमध्ये भरायची असेल तर 23 लाख कमी नाहीत. चौदा लाख मात्र कमीच होते.

ठरलं की तडजोडीची पुरशीस लिहिली जाते, आणि इथे बहुतेकांचं लक्ष फक्त रकमेकडे असतं. खरं तर त्याच पानावर आणखी दोन ओळी हव्यात. रक्कम किती दिवसांत न्यायाधिकरणात जमा करायची, आणि त्या मुदतीत न केल्यास किती टक्के व्याज लागेल. या ओळी नसल्या की कंपनीची फाइल महिनोन् महिने ‘मंजुरीला’ पडून राहते आणि बाई कोर्टाच्या खेपा घालते. मुदत उलटली तर नवा दावा लागत नाही. निवाडा हुकूमनाम्यासारखाच असल्याने वसुलीची दरखास्त दाखल होते, आणि अपघाताच्या प्रकरणात जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखीही वसुली करता येते. तोही अर्ज त्याच मोफत वकिलाने करायचा असतो.

लोकअदालतीची नोटीस दाव्याशिवायही घरी येते. बँकेचं थकीत कर्ज, मोबाइलचं बिल, वीज बिल यांची ‘दाखलपूर्व’ प्रकरणं असतात. अजून कोर्टात काहीच गेलेलं नसतं. कोर्टाचं नाव पाहून माणूस घाबरतो आणि सांगतील त्या हप्त्याला मान डोलावतो. त्या दिवशी गेलं तर व्याजात सूट मागायची चांगली संधी असते, पण अंगठा उठवला की तोही निवाडाच होतो. ‘कायमस्वरूपी लोकअदालत’ हे प्रकरण मात्र निराळं. वीज, पाणी, वाहतूक, विमा, दवाखाना अशा सेवांच्या वादात, तडजोड न झाल्यास, ती स्वतः निकाल देऊ शकते. तिथे नुसतं ‘नको’ म्हणून सुटका होत नाही.

आता गवंड्याच्या बायकोचे 23 लाख. पैसे जमा झाले तरी सगळे तिच्या हातात पडत नाहीत. मुलांचा हिस्सा त्यांच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो आणि ती अठरा वर्षांची होईपर्यंत तिथेच राहतो. तिच्या स्वतःच्या हिश्शातलाही काही भाग बहुधा ठेवीतच ठेवायला सांगितला जातो, व्याज मात्र खात्यात येतं. ‘पैसे लवकर काढून देतो’ म्हणून टक्केवारी मागणारे दलाल याच टप्प्यावर भेटतात. मुलाच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी ठेव मुदतीआधी मोडायची असेल, तर न्यायाधिकरणाकडे एक साधा अर्ज करावा लागतो. त्यासाठी पुन्हा ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’ पाटीच्या खोलीत जायचं, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करायचा.