दोन मिनिटांत सहा किलो

सकाळच्या राउंडला डॉक्टर खाटेपाशी थांबतात आणि निवासी डॉक्टर सांगू लागते: “सर, चौदा महिन्यांची मुलगी. वजन सहा किलो, लांबी एकाहत्तर सेंटिमीटर, म्हणजे लांबीच्या मानाने वजन उणे तीनच्याही खाली. दंडाचा घेर १०.९. पायांवर सूज नाही. भूक चाचणीत नापास. आज दुसरा दिवस.”

दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असेल तर ते तीव्र कुपोषण. सूज दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून बघतात. खड्डा राहिला की सूज आहे, आणि मग वजनाचा आकडा फसवा ठरतो, कारण त्यात पाणीही मोजलं जातं.

“योजना: एफ-७५ दूध, दर दोन तासांनी ६५ मिली, रात्रीही. रक्तातली साखर तपासत आहोत, अंग उबदार ठेवलंय, अँटिबायोटिक चालू. लोह अजून नाही.”

एवढंसंच दूध कशाला, असं आई विचारतेच, आणि तिचं चूक नाही. पण उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात, हृदयावर ताण येतो. संसर्ग असताना लोहही घातक ठरू शकतं. भूक परतली की एफ-१०० सुरू होईल, तेही आधी तेवढ्याच मापाने. त्या दिवसांत नाडी आणि श्वास दोन्ही वाढत गेले, तर आधी डॉक्टरांना बोलवायचं.