लग्न वडोदऱ्याचं, नोकरी टोरांटोची की दुबईची?

नवऱ्याची पदवी पुणे विद्यापीठाची, बायकोची महाराजा सयाजीराव विद्यापीठाची आणि विवाहनोंदणी वडोदरा महापालिकेत, असं परदेशी नोकरीसाठी कागद तयार करणारं एक जोडपं घ्या. कागद ज्या राज्याने दिला, त्याच राज्यात आधी साक्षांकित होतो. त्यामुळे त्याची पदवी महाराष्ट्रात जाते, उरलेले दोन कागद गुजरातमध्ये. गोंधळ बहुधा इथेच होतो. राहता पत्ता यात मोजला जात नाही.

पुढची पायरी परराष्ट्र मंत्रालय. ॲपोस्टिल करारात भारत 2005 पासून आहे, कॅनडात तो जानेवारी 2024 मध्ये लागू झाला. म्हणून टोरांटोसाठी मंत्रालयाचं ॲपोस्टिल स्टिकर पुरतं. दुबईसाठी मात्र मंत्रालयानंतर अमिरातीच्या दूतावासाचा शिक्का आणि तिथल्या परराष्ट्र खात्याचाही लागतो.

मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. शिक्का आणि स्टिकर कागदावरच बसतात. ॲपोस्टिल फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सांगतं, मजकुराची हमी देत नाही. विवाहपत्रावरचं नाव पासपोर्टशी जुळत नसेल, तर दुरुस्ती आधी नोंदणी कार्यालयातूनच करून घ्यावी. प्रमाणपत्र गुजरातीत असेल, तर भाषांतराची सोय वेगळी करावी लागते.