गळा १८ सेंटिमीटर, पण कुठून कुठपर्यंत?

मुंबईतल्या एखाद्या बाईंग हाउसमध्ये मर्चंडायझिंगची इंटर्न म्हणून रुजू झालेल्या मुलीकडे लवकरच दोन कामं येतात. एक टेक पॅक तयार करण्याचं आणि दुसरं सॅम्पल ट्रॅकिंग शीट सांभाळण्याचं. कपडा नेमका कसा व्हायला हवा हे टेक पॅकमध्ये असतं. त्या कपड्याचा कोणता नमुना आज कुठे आहे आणि कोणाच्या उत्तरासाठी अडला आहे, हे शीटमध्ये असतं.

टी-शर्टची ऑर्डर असेल, तर टेक पॅक बहुधा तिरुप्पूरला जातो. तमिळनाडूतलं हे शहर सुती निटवेअरच्या निर्यातीसाठी ओळखलं जातं. तिथला पॅटर्न मास्टर डिझायनरला कधी भेटलेला नसतो. त्याच्यासमोर असतात ती फक्त चित्रं आणि तक्ते. कागदावर जे नसेल, ते तो आपल्या सवयीने भरून काढतो. त्यात त्याची चूक म्हणता येत नाही, कारण मोकळी जागा ठेवलेली असते लिहिणाऱ्याने.

पुरुषांचा साधा गोल गळ्याचा टी-शर्ट घेऊ. साइज एम, १८० जीएसएमचं सुती सिंगल जर्सी कापड आणि गळ्याला २ सेंटिमीटर रुंदीची रिब. टेक पॅकच्या पहिल्या पानावर त्याचं पुढून आणि मागून काढलेलं सपाट रेखाचित्र असतं. पुढे साहित्याची यादी येते, तिला सगळे ‘बीओएम’ म्हणतात. कापड, रिब, धागा, लेबलं, मागच्या गळ्याची पट्टी, पॉलिबॅग असं सगळं तीत एकेका ओळीत लिहायचं. नेव्ही ब्ल्यू टी-शर्टला ‘धागा’ एवढंच लिहून भागत नाही. तो कापडाच्याच रंगाचा हवा की वेगळा दिसणारा, हेही त्याच ओळीत यायला हवं.

खरी कसोटी लागते ती मापांच्या तक्त्यात. समजा, इंटर्नने लिहिलं, ‘गळ्याची रुंदी १८ सेंटिमीटर’. हे माप रिब जिथे जोडली आहे त्या शिलाईपासून समोरच्या शिलाईपर्यंत धरायचं, की रिबच्या आतल्या कडेपासून कडेपर्यंत? डिझायनरच्या मनात पहिलं होतं आणि कारखान्याने दुसरं धरलं, तर दोन्ही बाजूंना रिबचे दोन-दोन सेंटिमीटर वाढतात आणि शिलाईपासून शिलाईपर्यंतचा गळा सुमारे २२ सेंटिमीटर होतो. असा टी-शर्ट अंगात घातला की गळा पसरतो आणि खांदा घसरतो. म्हणून प्रत्येक मापापुढे ते कुठून कुठपर्यंत घ्यायचं हे लिहावं लागतं. छाती मोजायची तर बगलेच्या २.५ सेंटिमीटर खाली, कपडा सपाट ठेवून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. उंची मोजायची तर खांद्याच्या सर्वांत उंच बिंदूपासून खालच्या कडेपर्यंत. शेजारी टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल तेही द्यायचं. या टी-शर्टला छातीत आणि उंचीत एक सेंटिमीटर कमी-जास्त चालेल, गळ्यात मात्र अर्धाच.

सुती निटवेअरमध्ये आणखी एक प्रश्न येतो तो धुण्याचा. कापडावर आखलेला ५० सेंटिमीटरचा चौकोन धुतल्यावर लांबीत ४७.५ झाला, तर ते कापड लांबीत ५ टक्के आटतं. अशा कापडाचा ७० सेंटिमीटर उंचीचा टी-शर्ट पहिल्या धुण्यानंतर ६६.५ वर येईल. धुतल्यानंतर ७० हवे असतील, तर धुण्याआधी त्याची उंची ७३.७ च्या आसपास ठेवावी लागते. त्यामुळे तक्त्यातली मापं धुण्याआधीची की नंतरची, हे तक्त्याच्या डोक्यावरच स्पष्ट करायला हवं. ५ टक्क्यांचा आकडाही सवयीने टाकून चालत नाही, तो त्याच कापडाच्या चाचणीतून यायला हवा.

टेक पॅक गेल्यावर नमुने यायला लागतात आणि ट्रॅकिंग शीटचं काम सुरू होतं. प्रत्येक नमुना वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. प्रोटो सॅम्पलमध्ये ढब आणि रचना पाहायची. ते हाताशी असलेल्या कापडात शिवलेलं असू शकतं, म्हणून त्याच्या रंगावर शेरा मारणं व्यर्थ. रंगासाठी लॅब डिप, म्हणजे रंगवलेले कापडाचे छोटे तुकडे, स्वतंत्रपणे येतात. फिट सॅम्पल अंगावर कसं बसतं ते पाहायचं. साइज सेटमध्ये लहान-मोठी मापं प्रमाणात वाढली आहेत का हे तपासायचं. शेवटचं पीपी सॅम्पल मात्र ऑर्डरच्याच कापडात, त्याच रंगात, खऱ्या लेबलांसह हवं. त्याला मंजुरी मिळेपर्यंत मालाचं कटिंग सुरू करायचं नसतं.

आता आपल्या टी-शर्टचं फिट सॅम्पल आलं आणि गळा सैल दिसला. ‘गळा सैल वाटतो, सुधारा’ हा शेरा कारखान्याच्या काही उपयोगाचा नाही. आधी टेप घेऊन मोजायचं. गळा २० सेंटिमीटर भरला, तर टेक पॅक बरोबर आहे आणि नमुना चुकला आहे. शेरा असा जाईल: ‘तक्त्यात १८, नमुन्यात २०, तक्त्याप्रमाणे करा.’ पण गळा बरोबर १८ भरूनही सैल दिसत असेल, तर कारखान्याने सांगितलं तसंच केलं आहे आणि तक्ताच बदलायला हवा. नवं माप १७ ठरलं की ते केवळ ई-मेलमध्ये सांगून थांबायचं नाही. टेक पॅकची दुसरी आवृत्ती काढायची आणि तिच्यावर तारीख टाकायची. इतकं अरुंद केल्यावर गळा ताणून डोक्यातून जातो ना, हेही तपासायचं.

म्हणूनच ट्रॅकिंग शीटमध्ये स्टाइल नंबर, रंग, साइज आणि नमुन्याचा प्रकार यांच्याबरोबर टेक पॅकच्या आवृत्तीचाही रकाना हवा. दुसरी आवृत्ती गेल्यानंतर पहिलीवर शिवलेला नमुना आला, तर तो त्या रकान्यामुळे टेबलावर येताच ओळखता येतो.

उरलेले महत्त्वाचे रकाने तारखांचे. नमुना कधी मागितला, कधी निघाला, कधी मिळाला आणि शेरे कधी गेले. बऱ्याच नवख्या शीटमध्ये ‘पेंडिंग’ एवढाच शब्द असतो. त्यातून उशीर कोणाकडे झाला हे कळत नाही. समजा, G रकान्यात नमुना मिळाल्याची आणि H मध्ये शेरे पाठवल्याची तारीख आहे. मग पुढचं सूत्र नमुना आपल्याच ऑफिसात किती दिवस पडून आहे ते दाखवतं:

```
=IF(G5="","",IF(H5="",TODAY()-G5,H5-G5))
```

नमुना १४ जुलैला आला आणि शेरे २१ ला गेले, तर ते सात दिवस कारखान्याच्या नावावर टाकता येणार नाहीत. नवा नमुना शिवायला सात दिवस, कुरिअरला तीन आणि शेऱ्यांना दोन धरले, तर फिटच्या एका जादा फेरीत बारा दिवस जातात. माल पाठवायची तारीख तर ठरलेलीच असते. त्यामुळे शीट त्या तारखेपासून उलटी मोजत भरायची. कटिंग, शिलाई, फिनिशिंग आणि पॅकिंगचे दिवस वजा केले की पीपी सॅम्पल कधीपर्यंत मंजूर व्हायला हवं ते निघतं आणि त्यामागे फिटच्या किती फेऱ्या बसतात तेही दिसतं.

टेक पॅक पाठवण्याआधी इंटर्नने एक साधी चाचणी करावी. एखादा तयार टी-शर्ट घ्यावा आणि त्या डिझाइनवर काम न केलेल्या दोन सहकाऱ्यांना केवळ तक्ता वाचून वेगवेगळं मोजायला सांगावं. दोघांचे आकडे जिथे टॉलरन्सपेक्षा जास्त फरकाने वेगळे येतील, ती ओळ पुन्हा लिहावी आणि मगच फाइल तिरुप्पूरला पाठवावी.