मामाचे तीन लाख

भाच्याला दुकानाच्या डिपॉझिटसाठी तीन लाख हवेत. मामा देतो, कधी परत करणार, हे विचारायचा त्याला संकोच वाटतो. ‘होतील तसे दे’ एवढंच ठरतं आणि पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात दोघं एकमेकांची नजर चुकवू लागतात.

कायद्याला मात्र संकोच नाही. ‘मागशील तेव्हा देईन’ अशा बोलीवर दिलेल्या हातउसन्या पैशांसाठी दाव्याची तीन वर्षांची मुदत मामाने मागितल्या दिवसापासून नव्हे, पैसे दिल्या दिवसापासून मोजली जाते. भिडेपोटी गप्प बसलेल्याचंच नुकसान! मुदत संपण्याआधी भाच्याने ‘इतके देणं बाकी आहे’ असं सहीनिशी लिहून दिलं, तर त्या तारखेपासून ती नव्याने सुरू होते.

त्यापेक्षा सुरुवातीलाच एक पान लिहावं: रक्कम, तारीख, 1 जुलैपासून दरमहा साडेबारा हजारांचे 24 हप्ते, व्याज नाही, हप्ता चुकणार असेल तर आधी फोन. खाली दोघांच्या सह्या. शेवटची अट कोर्टासाठी नाही, मामीसाठी आहे. चौकशी तीच करते.

पैसे बँकेतूनच द्यावेत. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेतल्यास प्राप्तिकर खातं घेणाऱ्याला, म्हणजे भाच्याला, तेवढाच दंड लावू शकतं.