विश्लेषण : ऑप्शन विक्रेते अर्ध्याच नफ्यावर सौदा का मोडतात?

ऑप्शन विकून प्रीमियम मिळवणाऱ्यांमध्ये एक नियम चांगलाच रुळला आहे. जास्तीत जास्त जेवढा नफा शक्य आहे, त्याचा अर्धा हाती आला की सौदा बंद करायचा. मुदत संपेपर्यंत थांबले तर पूर्ण प्रीमियम खिशात येण्याची शक्यता असते, मग अर्धा का सोडायचा, हा प्रश्न नव्या गुंतवणूकदाराला पडणे स्वाभाविक आहे. या नियमामागचे गणित काय आणि तो कुठे निकामी ठरतो, याचा हा वेध.

नियम नेमका काय आहे?

ऑप्शन विकणाऱ्याला प्रीमियम सुरुवातीलाच मिळतो आणि तोच त्याचा कमाल नफा असतो. १०० रुपयांना विकलेला ऑप्शन मुदतीअखेर शून्य झाला, तर १०० रुपये त्याचे. तोच ऑप्शन मधेच ५० रुपयांना परत विकत घेतला, तर अर्धा नफा पदरात पडतो आणि जबाबदारी संपते. थोडक्यात, विकलेल्या किमतीच्या निम्म्याला परत खरेदी, एवढाच हा नियम. एकाच वेळी दोन किंवा चार ऑप्शनचा सौदा असेल, तर सुरुवातीला हाती आलेल्या निव्वळ प्रीमियमचा अर्धा मोजायचा. अडकलेल्या मार्जिनशी या अर्ध्याचा संबंध नाही.

हा नियम अमेरिकेतून आला. ‘थिंकऑरस्विम’ या ट्रेडिंग मंचाचे सहसंस्थापक टॉम सोस्नॉफ यांनी २०११ मध्ये ‘टेस्टीट्रेड’ सुरू केले. मुदतीला साधारण ४५ दिवस असताना ऑप्शन विकावा, ५० टक्के नफ्यावर सौदा बंद करावा आणि तेवढा नफा आला नाही तरी २१ दिवस उरले असता सौद्याचा फेरविचार करावा, ही पद्धत तिथून लोकप्रिय झाली. ४५ दिवसांची ही अट महत्त्वाची आहे. नियम उचलताना अनेक जण नेमकी तीच विसरतात.

निफ्टीच्या उदाहरणात हे कसे दिसते?

समजा, निफ्टी २५,००० वर आहे आणि मुदतीला ४५ दिवस आहेत. विक्रेता २४,००० चा पुट आणि २६,००० चा कॉल विकतो. याला शॉर्ट स्ट्रँगल म्हणतात. बाजाराने गृहीत धरलेली अस्थिरता १४ टक्के मानली आणि व्याज बाजूला ठेवले, तर ऑप्शनच्या किमतीच्या प्रचलित सूत्रानुसार पुटचे सुमारे १३७ आणि कॉलचे सुमारे १५१, असे २८८ पॉइंट हाती येतात. लॉट ६५चा धरला तर ही रक्कम १८,७२० रुपये होते.

आता निफ्टी जागचा हलला नाही आणि अस्थिरताही तेवढीच राहिली असे मानू. १८ दिवसांनी, म्हणजे २७ दिवस उरले असताना, याच दोन ऑप्शनची एकत्रित किंमत १४४ पॉइंटवर येते. अर्धा नफा झाला, म्हणजे ९,३६० रुपये. एकूण वेळेपैकी त्यासाठी ४० टक्केच खर्ची पडला. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र २७ दिवस थांबावे लागेल. पहिल्या टप्प्यात दिवसाला सरासरी ८ पॉइंट मिळाले, दुसऱ्या टप्प्यात साधारण ५ मिळतील.

ऑप्शनची झीज शेवटच्या दिवसांत वेगाने होते, असे सर्रास सांगितले जाते. ते निर्देशांकाच्या पातळीलगतच्या स्ट्राइकबाबत खरे आहे. इथे विकलेले स्ट्राइक बाजारापासून हजार पॉइंट दूर आहेत. अशा ऑप्शनचे मूल्य बरेच आधी गळते आणि शेवटच्या आठवड्यात गळायला फारसे काही उरत नाही. याच उदाहरणात ७ दिवस शिल्लक असताना दोन्ही ऑप्शन मिळून जेमतेम ७ पॉइंटचे राहतात.

मग थांबण्यात तोटा काय?

उरलेला नफा कमी होत जातो, पण जोखीम त्या प्रमाणात कमी होत नाही. हा या नियमाचा गाभा आहे. सौदा १४४ पॉइंटवर आला असताना विक्रेत्याने तो चालू ठेवला, तर यापुढे त्याला जास्तीत जास्त १४४ पॉइंट मिळू शकतात. गमावण्याला मात्र मर्यादा नाही.

त्याच दिवशी निफ्टी ३ टक्के, म्हणजे ७५० पॉइंट घसरला असे समजा. अस्थिरता वाढली नाही असे मानले, तरी दोन्ही ऑप्शनची किंमत १४४ वरून सुमारे २६८ पॉइंटवर जाते. अठरा दिवसांत जमलेल्या १४४ पॉइंटपैकी १२४ एका दिवसात परत जातात. प्रत्यक्षात घसरणीबरोबर अस्थिरताही उसळते, त्यामुळे फटका याहून मोठा बसतो.

शेवटच्या आठवड्यात हे प्रमाण आणखी विषम होते. ७ दिवस उरले असताना मिळायचे राहिलेत ७ पॉइंट. तेव्हा ३ टक्क्यांची घसरण आली, तर या ७ पॉइंटचे जवळपास ८८ होतात. मुदत जवळ आली की निर्देशांकाच्या छोट्या हालचालीनेही ऑप्शनची किंमत झपाट्याने बदलते. जाणकार याला ‘गॅमा’ची जोखीम म्हणतात. शिवाय एवढ्या थोड्या पॉइंटसाठी लाखाहून अधिक मार्जिन अडकून राहते. मुदतीच्या दिवशी तर ‘सेबी’च्या नियमानुसार विकलेल्या निर्देशांक ऑप्शनवर २ टक्के जादा मार्जिन द्यावे लागते. नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम लागू आहे.

नफा वाढतो का?

एका सौद्यापुरते पाहिले तर नाही, तो निम्मा होतो. बदलते ते यशाचे प्रमाण. मुदतीअखेर दोन्ही ऑप्शन शून्य होण्यापेक्षा मधे कधीतरी किंमत निम्मी होणे अधिक वेळा घडते. नंतर उलटलेले काही सौदेही वाटेत अर्ध्या नफ्याला स्पर्श करून गेलेले असतात. नियम पाळणाऱ्याच्या खात्यात ते नफ्याचे म्हणून जमा होतात.

पण यशाचे हे वाढीव प्रमाण फुकट मिळत नाही. समजा, विक्रेत्याने तोट्याची मर्यादा २८८ पॉइंट ठेवली आहे, म्हणजे किंमत दुप्पट झाली की बाहेर पडायचे. प्रत्येक नफा १४४ चा आणि प्रत्येक तोटा २८८ चा असेल, तर ना नफा ना तोटा या पातळीवर राहण्यासाठीच तीनपैकी दोन सौदे यशस्वी व्हावे लागतात. खर्च यात धरलेला नाही. तोटा मनाला येईल तेवढा वाढू दिला, तर दहापैकी नऊ सौदे जिंकूनही खाते रिकामे होऊ शकते. नफ्याची बाजू नियमाने बांधली आणि तोट्याची मोकळी सोडली, तर हा नियम उलटा नुकसानच करतो.

दुसरा फायदा मोकळ्या झालेल्या मार्जिनचा. ४५ दिवस थांबून २८८ पॉइंट मिळाले, तर दिवसाला सरासरी ६.४ पडतात. अर्ध्यावर बाहेर पडल्यास हाच वेग ८ आहे. मात्र सुटलेले पैसे पुढच्या चांगल्या सौद्यात लागले, तरच या वेगाला अर्थ आहे. बाजार शांत असेल आणि प्रीमियम स्वस्त झाले असतील, तर केवळ मार्जिन रिकामे आहे म्हणून नवा सौदा करणे हा नियमाचा विपर्यास ठरतो.

नियम कुठे कामी येत नाही?

अर्धा नफा कधी दिसलाच नाही, तर हा नियम काहीच सांगत नाही. २०२४ ची लोकसभा निवडणूक याचे ठळक उदाहरण आहे. एप्रिलच्या अखेरीस १० ते १२ च्या घरात असलेला ‘इंडिया व्हीआयएक्स’ हा अस्थिरतेचा निर्देशांक मेच्या अखेरीस २० च्या वर गेला. ऑप्शनची किंमत वेळेनुसार झिजते, तशीच ती अपेक्षित अस्थिरतेनुसार फुगते. त्यामुळे दिवस सरूनही विक्रेत्याच्या पडद्यावर नफा दिसेना, अशी स्थिती होऊ शकत होती. त्यानंतर ४ जून रोजी निकालाच्या दिवशी निफ्टी २३,२६३ वरून २१,८८४ वर बंद झाला. ही घसरण जवळपास ६ टक्क्यांची होती, म्हणजे वरच्या उदाहरणातील धक्क्याच्या दुप्पट. अशा वेळी आधी ठरवलेली तोट्याची मर्यादा, सौद्याचा छोटा आकार किंवा संरक्षणासाठी विकत घेतलेला दूरचा ऑप्शनच उपयोगी पडतो.

दुसरी अडचण साप्ताहिक ऑप्शनची. निफ्टीची साप्ताहिक मुदत आता मंगळवारी संपते आणि किरकोळ गुंतवणूकदारांची मोठी गर्दी याच सौद्यांत असते. मुळात गॅमाची जोखीम टाळण्यासाठी असलेला नियम इथे पहिल्या दिवसापासूनच त्या जोखमीत उभा असतो. विकलेला प्रीमियम २० पॉइंटचा असेल, तर अर्धा नफा १० पॉइंटचाच. त्यातून दोन्ही वेळची दलाली, बाजाराचे शुल्क आणि जीएसटी वजा होतात. रोखे उलाढाल कर विकतानाच लागतो, परत खरेदी करताना लागत नाही. तरीही बोली आणि मागणीतले अंतर सोसावेच लागते. याउलट ४५ दिवस लांबचा मासिक ऑप्शन निवडला, तर दूरच्या स्ट्राइकमध्ये व्यवहार तुरळक असू शकतात. पडद्यावर १४४ दिसणारी किंमत प्रत्यक्ष खरेदीत १५० ला पडू शकते.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. ऑप्शन अगदी योग्य किमतीला विकले गेले असतील, तर अर्ध्यावर बाहेर पडा किंवा शेवटपर्यंत थांबा, दीर्घकाळात खर्च वजा जाता हाती काही उरत नाही. विक्रेत्याची कमाई येते ती बाजाराने गृहीत धरलेली अस्थिरता प्रत्यक्ष अस्थिरतेपेक्षा जास्त असते तेव्हा. हा नियम त्या फरकाची निर्मिती करत नाही, जोखीम किती दिवस अंगावर ठेवायची एवढेच ठरवतो. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमधील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात राहिले.

प्रत्यक्षात अंमल कसा करतात?

सौदा करतानाच परत खरेदीची किंमत ठरवून ठेवली जाते. एकच ऑप्शन विकला असेल, तर निम्म्या किमतीची मर्यादा ऑर्डर लावून ठेवणे सोपे असते. स्ट्रँगलमध्ये मात्र दोन्ही ऑप्शनची बेरीज पाहावी लागते. बाजार वर गेला की पुट आधी निम्मा होतो. तेवढा पुट बंद करून नफा झाला असे मानणारे खरे तर एकट्या कॉलची जोखीम अंगावर ठेवतात आणि तीही बाजार त्याच दिशेने सरकत असताना. त्यामुळे २८८ ला विकलेला सौदा बेरीज १४४ झाल्यावर दोन्ही बाजूंनी एकत्र बंद केला जातो. २१ दिवस उरेपर्यंत ती पातळी आली नाही, तर सौदा बंद करायचा की पुढच्या महिन्यात न्यायचा, याचा निर्णय त्या दिवशी घेतला जातो.